फ्रान्सचं टॅक्स पोर्टल: 'annexes' म्हणजे नक्की काय जोडायचं? (8UU, 2047 आणि तीन वेगवेगळ्या तारखा)

गोदाकाठ | १० मे २०२५, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवी आहे. फ्रेंच माझं बेकरीत पाव मागण्यापुरतं आहे.

मी मूळचा नाशिकचा. २ सप्टेंबर २०२४ ला फ्रान्समध्ये नोकरीवर रुजू झालो. आधी नांतेरला राहत होतो, मार्चमध्ये तुलूझला आलो. यंदा पहिल्यांदाच इथला आयकर फॉर्म भरतोय. फेब्रुवारीत टॅक्स ऑफिसात पासपोर्ट आणि भाडेकरार दाखवून तेरा आकडी नंबर मिळवला, लॉगिन झालं. impots.gouv.fr वर आत शिरलो आणि तिसऱ्या टप्प्यावर अडकलो.

तिथे "Déclarations annexes" असं लिहून खाली लांबलचक यादी आहे. मी समजलो, ही जोडायच्या कागदांची यादी. म्हणून आज दिवसभर बसून भारतातल्या तीन बँकांची स्टेटमेंटं, एफडीच्या पावत्या आणि एलआयसीची पॉलिसी स्कॅन केली, चौतीस पानांची पीडीएफ झाली. आता ती अपलोड करायला बटणच सापडत नाही. चौकटींवर टिक करून पाहिलं तर फाइल मागायच्या ऐवजी आणखी नवे फॉर्म उघडतात!

वर तारखांचा घोळ. एके ठिकाणी २० मे दिसते, एके ठिकाणी २८ मे, आणि ऑफिसातला मित्र म्हणतो ५ जून. २० तारीख असेल तर माझ्याकडे दहा दिवस आहेत.

---

केतकी_म्युनिक | ११ मे, सकाळी ८:१५

घाबरू नकोस, मुदत ३१ जुलै असते. फॉर्म १६ कंपनीकडून घे, तो जोडावा लागत नाही, फक्त आकडे भरायचे. मी दरवर्षी भावाकडून नाशिकच्याच सीएकडे देते.

---

निळू | ११ मे, सकाळी ८:५०

केतकीताई, तो फ्रान्सच्या रिटर्नबद्दल विचारतोय, भारताच्या नाही :)

---

केतकी_म्युनिक | ११ मे, सकाळी ९:०५

अरे हो की. चहाआधी धागे वाचू नयेत. पण ते भारतातलंही भरावं लागेल हं त्याला, एफडी आहेत म्हणतोय.

---

विन्या | ११ मे, सकाळी १०:३०

पॅरिसमध्ये चौथं वर्ष. सोपं आहे रे सगळं.

१) काही जोडायचं नसतं. पीडीएफ विसर.
२) पगाराचा आकडा 1AJ मध्ये आधीच भरलेला असतो. त्यातून १० टक्के वजा करून लिही, तेवढी सूट सगळ्यांना असते.
३) जानेवारी ते ऑगस्टचा भारतातला पगारही दाखवावा लागतो. फ्रान्स जगभरच्या उत्पन्नावर कर लावतं.
४) खरं तर काही केलं नाहीस तरी चालतं. मी गेल्या वर्षी हातही लावला नाही, फॉर्म आपोआप मंजूर झाला.

---

शर्वरी_ल्यों | ११ मे, दुपारी १:२०

विन्या, पहिला मुद्दा बरोबर. बाकीचे तीन त्याने तसेच्या तसे पाळले तर पंचाईत होईल.

गोदाकाठ, मी ल्यों इथे एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते आणि दर मे महिन्यात हेच फॉर्म बघते. आधी तुमच्या मूळ प्रश्नाचं. तुम्हाला फसवलं ते annexe या शब्दाने. टॅक्स पोर्टलवर annexe म्हणजे जोड-फॉर्म. मुख्य फॉर्मचा नंबर 2042. त्यात न मावणारी माहिती ज्या पुरवणी फॉर्मांत भरायची ते सगळे annexes. तुम्ही टिक केलीत की पोर्टल तो फॉर्म तुमच्या घोषणेत आणून ठेवतं, म्हणून नवी पानं उघडली. तुम्ही स्कॅन केलेल्या कागदांना तिथे justificatifs म्हणतात. ते भरताना पाठवायचे नसतात, घरी सांभाळायचे असतात. २०२४ च्या उत्पन्नाचे कागद किमान २०२७ संपेपर्यंत. विचारणा झालीच तर त्याच पोर्टलवरच्या मेसेजिंगमधून पाठवता येतात. तेव्हा ती चौतीस पानं टाकू नका, त्यातलेच आकडे आता लागणार आहेत.

तुम्हाला दोन जोड-फॉर्म लागतील असं दिसतंय. 3916 हा परदेशातल्या खात्यांसाठी आणि 2047 परदेशातून मिळालेल्या उत्पन्नासाठी. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. 3916 मध्ये बँक खात्यातले पैसे विचारत नाहीत, फक्त खातं आहे हे सांगायचं. 2047 मध्ये पैसे.

विन्याच्या चौथ्या मुद्द्याबद्दल: 'आपोआप मंजूर' ही सोय आहे, पण ती ज्यांना पोर्टलकडून तसं कळवलेलं असतं त्यांनाच, आणि तीही त्यांच्या माहितीत काही बदल नसेल तर. पहिल्यांदा भरणाऱ्याला ती नसते. शिवाय विन्या, तुझी भारतात खाती आहेत ना? ती पोर्टलला आपोआप कळत नाहीत. हात न लावता मंजूर झालेल्या फॉर्मात ती आली का, हे बघ जरा.

---

विन्या | ११ मे, दुपारी १:४५

...बघतो. :(

---

बापू_ग्रेनोबल | ११ मे, सायंकाळी ५:१०

शर्वरीताईंचं ऐका. मी इथे १९९८ पासून आहे. फक्त एक राहिलं. घरात टीव्ही नसेल तर 0RA वर टिक करायला विसरू नका, नाहीतर टीव्हीचा कर लावतात. मला एकदा फुकटचा भुर्दंड बसला होता.

---

शर्वरी_ल्यों | ११ मे, सायंकाळी ५:३०

बापू, तो टीव्हीचा कर २०२२ सालीच रद्द झाला, ती चौकटही आता नाही.

---

बापू_ग्रेनोबल | ११ मे, सायंकाळी ५:३४

म्हणजे मी उगाच दरवर्षी शोधत होतो.

---

गोदाकाठ | ११ मे, रात्री १०:१५

शर्वरीताई, खूप आभार. चौतीस पानांचं दुःख गिळलं. आता नीट तपशील देतो.

पगार: डिसेंबरच्या पगारपत्रकावर करपात्र रकमेची बेरीज ११,४२० युरो. 1AJ मध्ये हाच आकडा आधीच छापलेला आहे. दर महिन्याला ७.५ टक्के म्हणजे साधारण २१४ युरो कापले गेले, चार महिन्यांचे ८५६.

भारतातली खाती: (अ) जुनं पगाराचं खातं, (ब) आईबरोबर संयुक्त खातं, पैसे तिचेच आहेत, (क) कॉलेजच्या वेळी उघडलेलं एक, त्यात बाराशे रुपये पडून आहेत आणि पाच-सहा वर्षांत हात लावलेला नाही. शिवाय एक पीपीएफ आणि एक एलआयसी.

एफडी: दोन बँकांत एकेक. दोन्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये पिकल्या. दोन्हींवर मिळून ७२,००० रुपये व्याज. टीडीएस कापला नाही, प्रत्येकीचं व्याज ३६,००० च होतं.

(क) खातं सोडून दिलं तर? बाराशे रुपयांसाठी कोण विचारतंय. आणि व्याज तर दोन वर्षं साठत आलेलं, त्यातले दोनच महिने मी फ्रान्समध्ये होतो. तेवढ्यापुरतंच दाखवू का?

---

शर्वरी_ल्यों | १२ मे, सकाळी ७:४०

ट्रेनमध्ये आहे, एकेक घेते.

आधी खाती. 3916 चं पूर्ण नाव एकदा वाचा:

```
Déclaration par un résident d'un compte ouvert, détenu,
utilisé ou clos à l'étranger [...]
```

सगळं त्या चार शब्दांत आहे. ouvert म्हणजे वर्षात उघडलेलं, utilisé म्हणजे वापरलेलं, clos म्हणजे बंद केलेलं. आणि détenu म्हणजे नुसतं नावावर असलेलं. हा शब्द नंतर घातला. २०१८ च्या करचुकवेगिरीविरोधी कायद्यानंतर, २०१९ पासून, न वापरलेली झोपलेली खातीही सांगावी लागतात. तुमचं कॉलेजचं खातं बरोबर याच शब्दात सापडतं. बाराशे आहेत की बारा लाख, हे फॉर्म विचारतच नाही. शिल्लक लिहायला रकानाच नाही. पण खातं सांगितलं नाही तर दंड खात्यागणिक, वर्षागणिक १,५०० युरो. बाराशे रुपयांसाठी दीड हजार युरो.

खाती लपवली तरच गुन्हा, असं लोकांना वाटतं. इथे न सांगणं हीच चूक, मग त्यावर कर बसत असो वा नसो.

संयुक्त खातंही सांगायचं. पैसे आईचे असले तरी नाव तुमचंही आहे. फॉर्ममध्ये खात्याशी तुमचं नातं काय ते विचारतात, तिथे titulaire नको, cotitulaire निवडा. म्हणजे एकटा मालक नाही हे नोंदलं जातं.

भरताना तीन ठिकाणी अडाल. खाते क्रमांकाच्या जागी आयबीएएन शोधू नका, भारतात तो नसतो, साधा अकाउंट नंबर लिहा. पत्त्यात बँकेचा पत्ता हवा, तुमचा नाही. आणि date d'ouverture मध्ये खातं उघडल्याची तारीख. ती बहुतेकांना आठवत नाही, पासबुकाचं पहिलं पान काढा किंवा शाखेला मेल टाका.

एलआयसीची चौकट वेगळी आहे. बँक खात्यांसाठी मुख्य फॉर्मवर 8UU, परदेशातल्या जीवनविम्यासाठी 8TT. फक्त चौकटीवर टिक करून थांबू नका. ती टिक म्हणजे 'माझ्याकडे आहे' एवढंच. प्रत्येक खात्याचं 3916 स्वतंत्र भरायचं.

ल्यों आलं. व्याजाचं संध्याकाळी.

---

अनघाची_आई | १२ मे, सकाळी ११:००

नमस्कार, मी सांगलीहून. मुलगी लिलला एमएस करते, वय २३, नोकरी नाही. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. तिलाही हे भरावं लागेल का? तिचं सांगलीत आमच्याबरोबर खातं आहे.

---

शर्वरी_ल्यों | १२ मे, सायंकाळी ७:१०

काकू, घाबरू नका. उत्पन्न शून्य असलं तरी तिने फॉर्म भरलेला चांगला. शून्याचा फॉर्म भरला की शून्य कराचा कागद हातात येतो आणि तो घराच्या मदतीसाठी, रेसिडन्स परमिटच्या नूतनीकरणाला कामी येतो. सांगलीचं खातं 3916 मध्ये तिनेही लिहावं. दोन पानांचं काम आहे.

गोदाकाठ, आता पगार आणि व्याज.

1AJ मधला ११,४२० तसाच ठेवा. विन्या म्हणतो ती १० टक्क्यांची सूट खरी आहे, पण ती पोर्टल स्वतः काढतं. तुम्ही आधीच काढून लिहिलीत तर ती दोनदा जाते आणि तुमचा आकडा कंपनीने कळवलेल्या आकड्याशी जुळत नाही. तुम्ही फक्त पगारपत्रक शेजारी धरून आकडा जुळतोय का ते बघायचं.

जानेवारी ते ऑगस्टचा भारतातला पगार लिहायचा नाही. जगभरचं उत्पन्न दाखवायचं हे बरोबर, पण फ्रान्सचे रहिवासी झाल्यापासूनचं. २ सप्टेंबरआधी तुम्ही इथले नव्हता.

व्याजाचा नियम मात्र तुमच्या विरुद्ध जातो. व्याज कधी साठलं हे बघत नाहीत, कधी हातात पडलं ते बघतात. एफडी नोव्हेंबरमध्ये पिकली, तेव्हा तुम्ही इथले रहिवासी. म्हणून पूर्ण ७२,००० दाखवायचे. हीच एफडी ऑगस्टमध्ये पिकली असती तर इथे एक पैसाही लिहावा लागला नसता. येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, मला चीड येते याची.

रुपयांचे युरो जमा झाल्या दिवसाच्या दराने करायचे. इथे हिशेबाला सोपं म्हणून ९० धरते, म्हणजे ८०० युरो. तुम्ही खरा दर शोधून वापरा आणि कुठून घेतला ते लिहून ठेवा. हे 2047 मध्ये भांडवली उत्पन्नाच्या भागात, देश भारत म्हणून भरा. मग मुख्य फॉर्मवर 2TR मध्ये तो आकडा उतरलाय का ते डोळ्यांनी बघा. कित्येकदा लोक जोड-फॉर्म भरून निर्धास्त होतात आणि 2TR रिकामा राहतो.

आता एक छोटी चौकट, 2OP. माझ्या मते तुमच्या फॉर्मावर सगळ्यात जास्त पैसे हिच्यात अडकलेत. रिकामी ठेवलीत तर व्याजावर सरसकट दर लागतो: १२.८ टक्के आयकर आणि १७.२ टक्के सामाजिक कर. ८०० वर पहिला १०२ युरो, दुसरा १३८, मिळून २४०. टिक केलीत तर व्याज पगारात मिसळून नेहमीच्या टप्प्यांनी कर लागतो. तुमचा पगार ११,४२०, दहा टक्के गेले की १०,२७८. त्यात ८०० मिळवले की ११,०७८. यंदा एका माणसासाठी ११,४९७ पर्यंत शून्य कर. म्हणजे आयकर शून्य, फक्त सामाजिक करातले १३८ द्यायचे. एका टिकेत १०२ युरो वाचले.

आणि तुम्ही चारच महिने कमावलंत तरी ती ११,४९७ ची पायरी चार महिन्यांपुरती छाटली जात नाही, पूर्ण मिळते. त्यामुळे पगारावरही कर शून्य येतो आणि कापलेले ८५६ परत मिळण्याजोगे आहेत. त्यातून १३८ वजा. बँकेचा तपशील पोर्टलवर नीट भरा, नाहीतर पैसे परत यायला उशीर होतो.

---

विन्या | १२ मे, रात्री ८:००

2OP सगळ्यांनीच करायची मग! मी पण करतो.

---

शर्वरी_ल्यों | १२ मे, रात्री ८:२०

नको. तुझा पूर्ण वर्षाचा पगार आहे. तू ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलास तर १२.८ च्या जागी ३० भरशील. शिवाय ती टिक त्या वर्षाच्या सगळ्या व्याज-लाभांशाला लागते, एकालाच नाही. दोन्ही करून बघ, पोर्टल शेवटी अंदाजी कर दाखवतं. स्वाक्षरीआधी कितीही वेळा मागे जाता येतं.

---

केतकी_म्युनिक | १२ मे, रात्री ९:१५

मध्येच विचारते. त्याच्या एफडीवर टीडीएस कापला असता तर तो इथे वळता झाला असता का? माझ्या भावजयीचं फ्रान्समध्ये तसं झालंय, एनआरओ खात्यावर ३१ टक्के कापले.

---

शर्वरी_ल्यों | १२ मे, रात्री ९:४०

झाला असता, पण सगळा नाही. दोन देशांतल्या करारात व्याजाला जो दर ठरलाय तेवढाच इथे जमा धरतात. बँकेने त्याहून जास्त कापलं असेल तर ते भारतात रिटर्न भरून परत मागायचं. म्हणजे तुमचा कालचा ३१ जुलैचा सल्ला अगदीच वाया गेला नाही :)

आणि गोदाकाठ, तुमची खाती अजून भारतातल्या रहिवाशाची दिसतात. ती एनआरओ करून घ्या. तो वेगळा विषय, वेगळ्या धाग्यात.

---

निळू | १२ मे, रात्री ९:५५

तारखांचं राहिलं की. तीन तारखा, एक नवरदेव.

---

बापू_ग्रेनोबल | १२ मे, रात्री १०:३०

तारखांचं मी सांगतो, यात मी भाजलोय.

२० मे ही कागदी फॉर्मची मुदत, पोस्टाने पाठवणाऱ्यांसाठी. ऑनलाइन भरणाऱ्यांच्या मुदती जिल्ह्याच्या नंबरावर आहेत. १ ते १९ ला २२ मे, २० ते ५४ ला २८ मे, ५५ पासून पुढे ५ जून. सगळ्या रात्री ११:५९ पर्यंत. तुलूझ ३१ म्हणजे २८ मे. तुमच्या मित्राचा पत्ता पॅरिसकडचा असेल, म्हणून तो ५ जून म्हणतो.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी सगळं भरलं, अंदाजी कर बघितला, समाधान झालं, लॅपटॉप मिटला. स्वाक्षरीचं शेवटचं पान राहूनच गेलं. पोर्टलवर तो फॉर्म 'चालू' अवस्थेत पडून राहिला. मला वाटलं, दिला. शरद ऋतूत पत्र आलं. माझ्या करावर २० टक्के वाढीव, वर महिन्याला ०.२० टक्के व्याज. पत्रानंतर तीस दिवसांत भरलं नसतं तर ४० टक्के झाले असते. चूक माझीच. तेव्हापासून स्वाक्षरी केल्यावर पोचपावतीचा मेल येईपर्यंत खुर्चीतून उठत नाही. मेल नाही म्हणजे फॉर्म दिलेला नाही.

---

गोदाकाठ | १२ मे, रात्री ११:०५

बापू, पण मी १ जानेवारीला नांतेरला होतो ना. नांतेर ९२. पहिल्या पानावर "Adresse au 1er janvier 2025" असं विचारलंय आणि मी तिथे तुलूझचा पत्ता टाकलाय!

---

शर्वरी_ल्यों | १३ मे, सकाळी ७:३५

बरं झालं बोललात, आधी ते दुरुस्त करा. त्या रकान्यात १ जानेवारीला जिथे राहत होतात तोच पत्ता हवा, म्हणजे नांतेर. खाली 'नंतर घर बदललं' असा भाग आहे, तिथे तुलूझचा पत्ता आणि तारीख टाका. मुदतही १ जानेवारीच्या पत्त्यावरून धरतात, म्हणजे तुमची ५ जून. बापूंचे आकडे बरोबर आहेत, फक्त तुम्हाला ३१ नाही, ९२ लागतो.

तरी २८ च्या आत भरून टाका. शेवटच्या दोन रात्री पोर्टल रांगेत उभं करतं. आणि मुदतीआधी सही केली तरी दार बंद होत नाही. मुदत संपेपर्यंत कितीदाही दुरुस्त करून परत सही करता येते. त्यानंतर जुलैच्या अखेरीस दुरुस्तीची सोय पुन्हा उघडते, ती डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. मात्र दर दुरुस्तीला नव्याने सही हवी, नाहीतर बापूंसारखं होतं.

---

बापू_ग्रेनोबल | १३ मे, सकाळी ८:००

माझं नाव आता क्रियापद झालं.

---

विन्या | १३ मे, दुपारी १२:४५

मी रात्री पाहिलं. माझी दोन भारतीय खाती तीन वर्षं सांगितलेलीच नाहीत. आता?

आणि पीपीएफ. तो कोण खातं म्हणतंय? ती सरकारी बचत योजना आहे, पंधरा वर्षं पैसे अडकलेले. माझ्या ऑफिसातल्या चौघा भारतीयांपैकी एकानेही टाकलेला नाही.

---

शर्वरी_ल्यों | १३ मे, सायंकाळी ७:२०

विन्या, या वर्षीच्या फॉर्मात दोन्ही टाक. मागच्या वर्षांसाठी ते विचारायच्या आधी तूच पोर्टलच्या मेसेजिंगमधून लिही: चूक झाली, ही खाती, या तारखा. व्याज आलं असेल तर तेही. आपणहून गेलेल्या माणसाशी वेगळं वागतात हा माझा अनुभव, पण दंड माफ होईलच असं वचन मी देणार नाही.

पीपीएफचं: नावावर आहे, नंबर आहे, बँकेत उघडलेलं आहे, मी अशीलांचं टाकते. सांगितल्याने काही बिघडत नाही. चौघांनी टाकलं नाही हा काही पुरावा नव्हे.

---

विन्या | १३ मे, सायंकाळी ७:५०

मग ईपीएफ पण टाकायचा का? तो तर पेन्शनसारखा. मर्यादा कुठे?

---

शर्वरी_ल्यों | १३ मे, रात्री ८:१०

ईपीएफवर माझ्या ऑफिसातच दोन मतं आहेत. एक म्हणतो निवृत्ती निधी, दुसरी म्हणते खातं. मी लेखी विचारायचा सल्ला देते आणि उत्तर जपून ठेवायला सांगते. पोर्टलवरून विचारा, किंवा 0 809 401 401 वर फोन करा, पण फोनवरचं उत्तर दाखवता येत नाही.

---

गोदाकाठ | १७ मे, रात्री १२:२०

झालं! मागोमाग सांगतो.

पत्ता दुरुस्त केला. 8UU, 8TT दोन्ही टिक केल्या. 3916 एकूण सात झाले: तीन बचत खाती, पीपीएफ, एलआयसी आणि दोन एफडी, त्या वेगळ्या नंबरच्या म्हणून. त्या clos मध्ये गेल्या, नोव्हेंबरची तारीख टाकली. कॉलेजच्या खात्याची उघडल्याची तारीख आईने कपाटातून पासबुक काढून फोटो पाठवला तेव्हा मिळाली. पासबुकात माझा अकरावीतला मिशी फुटलेला फोटो होता, तो घरच्या ग्रुपवरही गेला.

2047 मध्ये व्याज टाकलं आणि मुख्य फॉर्मवर 2TR खरोखरच रिकामा होता. हाताने भरला. 2OP शिवाय अंदाज काढला, मग टिक करून काढला. फरक शर्वरीताईंनी सांगितला तसाच, शंभराच्या आसपास. सही केली, चार मिनिटांनी मेल आला. बापू, मी उठलो नाही खुर्चीतून.

एक राहिलं. सही झाल्यावर पोर्टल म्हणतं, पुढच्या कापणीसाठी नवा दर ठरेल. चार महिन्यांच्या पगारावर ठरवला तर तो शून्य येणार ना? मग यंदा पूर्ण वर्ष पगार घेऊन पुढच्या वर्षी एकदम मोठं बिल येईल?

---

शर्वरी_ल्यों | १७ मे, सकाळी ९:०५

येईल, बरोबर ओळखलंत. त्याच पोर्टलवर "Gérer mon prélèvement à la source" मध्ये जाऊन यंदाचा अपेक्षित पगार टाका आणि दर स्वतः वाढवून घ्या. नाहीतर तेवढे पैसे बाजूला ठेवा. माझे निम्मे अशील दुसरा मार्ग निवडतात आणि त्यातले निम्मे पुढच्या सप्टेंबरात माझ्याकडे रडत येतात.

---

अनघाची_आई | १७ मे, सकाळी ११:४०

लेकीने काल भरला. सांगलीच्या बँकेच्या पत्त्यात 'गणपती पेठ' लिहिलं, चालेल ना?

---

शर्वरी_ल्यों | १७ मे, दुपारी १२:१५

पळेल :)